पऱ्हाटीतलं लाल लुगडं आणि कपाळावरचं कुंकू: रंगीत फुटेज कृष्णधवल करताना

प्रश्न: भाऊ, आमची आजी ऐंशीच्या घरात आहे. आर्णी तालुक्यातल्या आमच्या शेतात ती कापूस वेचताना मी मोबाइलवर शूट केलं. जुन्या काळासारखं दिसावं म्हणून सॅच्युरेशन शून्य केलं, तर सगळं राखाडी झालं, आजी पऱ्हाटीत हरवूनच गेली. सेपियाचा तयार फिल्टर लावला तर सगळ्यावर हळद सांडल्यासारखं दिसते. DaVinci Resolve ची फुकट आवृत्ती आहे माझ्याकडे. काँट्रास्ट वाढवूनही जमत नाही. काय करावं?

उत्तर:

काँट्रास्ट वाढवून हे सुटणार नाही, कारण घोटाळा त्याच्या आधीच झालेला असतो. आजीचं लुगडं लाल, पऱ्हाटीचं पान हिरवं. डोळ्याला हे दोन रंग एकमेकांपासून कोसभर लांब वाटतात, पण त्यांचा उजेड जवळपास सारखाच असतो. रंग काढून घेतला की फक्त उजेड उरतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच राखाडी छटेत जाऊन बसतात. मग काँट्रास्ट कितीही ताणा, दोन्ही एकत्रच वर जातात नाहीतर एकत्रच खाली येतात. म्हणून कुठला रंग किती उजळ राखाडी व्हावा हे रंग काढतानाच ठरवावं लागतं.

हे आकड्यांत पाहिलं की चटकन लक्षात येईल. Resolve च्या Color पानावर चित्रावर उजवं क्लिक करून Show Picker RGB Value चालू करा. कर्सर जिथे न्याल तिथला लाल, हिरवा, निळा आकडा दिसेल. नोव्हेंबर-डिसेंबरच्या उन्हात वेचणीच्या शॉटमध्ये साधारण असे आकडे येतात असं धरू: लुगडं 190, 40, 50. सावलीकडचं पान 60, 78, 45. आजीचा चेहरा 150, 105, 80. कपाळावरचं कुंकू 170, 30, 35. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, त्यावरच हिशेब करा.

HD व्हिडिओच्या मानकात, म्हणजे Rec.709 मध्ये, उजेडाचा हिशेब लालाचा 0.2126, हिरव्याचा 0.7152 आणि निळ्याचा 0.0722 वाटा धरून होतो. हिरव्याला एवढा मोठा वाटा, कारण आपला डोळा हिरव्याच्या आसपास सगळ्यात जास्त उजेड पकडतो. सॅच्युरेशन शून्य केल्यावर साधारण हेच प्रमाण लागू होतं. आता गुणाकार करा. लुगडं येतं 73, पान येतं 72. आजी पऱ्हाटीत का हरवली ते या दोन आकड्यांत आहे.

हे प्रमाण आपल्या हातात घ्यायची जागा म्हणजे RGB Mixer. तिथे खाली Monochrome वर खूण करा, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच पट्ट्या चालू राहतात. Preserve Luminance ची खूण काढून टाका आणि तिन्हींची बेरीज स्वतःच 1 ठेवा. बेरीज 1 पेक्षा जास्त झाली तर सगळं चित्र उजळेल आणि कापसाची बोंडं पांढरीफटक होऊन त्यातले धागे जातील. कमी झाली तर सगळंच अंधारेल. एक्स्पोजर बदलायचं असेल तर ते दुसऱ्या नोडवर करा, इथे नाही.

आता बहुतेक जण काय करतात, तर लाल पट्टी एकदम वर नेतात. समजा लाल 0.70, हिरवा 0.25, निळा 0.05. लुगडं 146 वर जातं, पान 64 वर उतरतं. गडद पऱ्हाटीत उजळ लुगडं झकास उठून दिसतं, निळं आभाळ गडद होतं, चेहऱ्यावरचे डागही मवाळ होतात. दुरून घेतलेला शॉट बघून माणूस खूश होतो.

आता आजीच्या चेहऱ्याचा जवळचा शॉट उघडा. चेहरा 135 वर गेलाय आणि कुंकू 128 वर. म्हणजे कुंकू गेलं. आपल्या गावात हे पडद्यावर दाखवलं तर समोर बसलेल्या बाया पहिल्यांदा तेच बघतील, आणि त्याचा जो अर्थ लावतील तो तुम्हाला अजिबात नको असेल. लाल पट्टी वर नेणाऱ्या प्रत्येक तयार फिल्टरमध्ये हा धोका आहे. ओठही असेच फिके पडतात, आणि पान खाणाऱ्या माणसाचं तोंड आजारी माणसासारखं दिसायला लागतं.

मग उलटं केलं तर? लाल 0.15, हिरवा 0.75, निळा 0.10. चेहरा 109, कुंकू 52. कुंकू ठसठशीत दिसतं, सुरकुत्या नीट उमटतात. पण लुगडं 64 आणि पान 72, म्हणजे आजी परत पऱ्हाटीत गेली.

यावर सहज सुचणारी वाट म्हणजे दुरच्या शॉटला लालाचं मिश्रण आणि जवळच्या शॉटला हिरव्याचं. कृपा करून तसं करू नका. कट बसला की एका क्षणी लुगडं उजळ आणि पुढच्या क्षणी जवळजवळ काळं दिसेल, आणि बघणाऱ्याला वाटेल आजीनं मधे लुगडं बदललं. एका प्रसंगाला एकच मिश्रण, हा नियम मी कुठल्याही कामात मोडत नाही.

म्हणून ज्या जोड्या वेगळ्या दिसल्याच पाहिजेत त्या आधी ठरवायच्या. इथे तीन आहेत: लुगडं आणि पान, चेहरा आणि कुंकू, चेहरा आणि डोक्यावरचा पदर. या तिन्ही जोड्यांत फरक राहील असं मधलं प्रमाण शोधायचं. वरच्या आकड्यांवर मला लाल 0.40, हिरवा 0.55, निळा 0.05 हे बरं वाटतं. पान 69, कुंकू 86, लुगडं 100, चेहरा 122. लुगडं आणि पान यांच्यात 31 चा फरक आला, चेहरा आणि कुंकू यांच्यात 36 चा, चेहरा आणि पदर यांच्यात 22 चा. कुठलीच जोडी भडकपणे तुटलेली नाही आणि कुठलीच मिसळलेली नाही. हा फरक वाढवायचं काम आता काँट्रास्ट करू शकतो, कारण वाढवायला फरक हाती आला आहे.

निळा एवढा कमी का ठेवला ते सांगतो. मोबाइलच्या फुटेजमध्ये सगळ्यात जास्त खरखर निळ्या चॅनेलमध्ये असते. शिवाय असं फुटेज साधारण 4:2:0 पद्धतीनं साठवलेलं असतं, म्हणजे उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्यानं, पण रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्म्या बारकाव्यानं. एखाद्या चॅनेलला जास्त ओढलं की ही अर्धवट माहिती उघडी पडते आणि लुगड्याच्या काठाला पायऱ्या-पायऱ्या दिसतात. लाल 0.70 वर पदराची कड दोनशे टक्के मोठी करून बघा, म्हणजे कळेल. Hue vs Lum च्या कर्व्हनं फक्त लाल रंग उचलायचा मोहही म्हणूनच आवरावा. स्थिर चित्रात तो छान दिसतो, चालत्या चित्रात कडा वळवळतात. आणि फुटेज व्हॉट्सअॅपवरून आलेलं असेल तर ते बाजूला ठेवा, मूळ फाइल फोनमधून केबलनं काढा.

मिश्रणाच्या आधी एक नोड व्हाइट बॅलन्ससाठी ठेवा. कृष्णधवलमध्ये रंग दिसणारच नाही तर व्हाइट बॅलन्स कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण आता कुठला राखाडी येणार ते मूळ रंगावरूनच ठरतंय. मोबाइल ऑटो व्हाइट बॅलन्सवर असेल तर आजी उन्हातून सावलीत गेली की तो लाल-निळ्याचं प्रमाण हळूहळू बदलतो. रंगीत चित्रात ते फारसं खटकत नाही. मिश्रण लावलं की तोच बदल उजेडाचा चढ-उतार होऊन दिसतो, जणू ढग येऊन गेला. तसं दिसलं तर त्या नोडवर शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी कीफ्रेम देऊन बॅलन्स सारखा करा. कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस दोन्ही ठिकाणी पांढराच मोजला गेला पाहिजे. पांढऱ्याची खूण म्हणून त्याच्यासारखी सोय नाही. फक्त उन्हात जळून पूर्ण पांढरा झालेला भाग मोजू नका, थोडा सावलीतला मोजा.

आता काँट्रास्ट. मिश्रणाच्या पुढच्या नोडवर Custom कर्व्ह घ्या. सरळ S काढून मोकळं होऊ नका, पहिला बिंदू चेहऱ्यावर ठेवा. आपल्या हिशेबात चेहरा 122 वर आहे, तो 122 वरच राहू द्या. मग खालचा बिंदू ओढा, 69 चं पान 54 वर येईपर्यंत. वरचा बिंदू उचला, साधारण 223 वर मोजला जाणारा कापूस 232 च्या आसपास जाईपर्यंत. चेहरा जागेवर राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं अंतर ताणलं जातं. कुंकू 76 च्या जवळ येतं, लुगडं 94 च्या जवळ. लुगडं-पान 40, चेहरा-कुंकू 46. चेहऱ्याला आधार न धरता काँट्रास्ट वाढवला तर सावळे चेहरे हमखास काळे पडतात, आणि मग लोक चेहरा उजळण्याच्या नादात सगळं चित्र पांढरं करून ठेवतात.

किती ताणायचं ते पदराच्या आतल्या सावलीवरून ठरवा. तिथं केस, कानातलं, मानेची घडी थोडी तरी दिसली पाहिजे. ती सपाट काळी झाली की एक पाऊल मागे या. दुसऱ्या टोकाला बोंड बघा. त्यातले धागे मिटले, नुसता पांढरा ठिपका राहिला, तर वरचा बिंदू खाली घ्या. मधली छटा लुबलुबीत आणि दोन्ही टोकांना थोडा थोडा श्वास, हे जुन्या चांगल्या प्रिंटचं लक्षण आहे.

भर दुपारच्या शॉटमध्ये एक अडचण येईल. ऊन डोक्यावर असलं की पदराची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि चेहरा 122 ऐवजी सत्तरच्या आसपास मोजला जातो. म्हणजे तो पानाच्या छटेत गेला. तिथं मिश्रणाच्या आधी चेहऱ्यावर गोल Window घाला, कड भरपूर मऊ ठेवा, ट्रॅक करा आणि थोडं उचला. मोबाइलचं फुटेज फार उचललं की सावलीतली खरखर मुंग्यांसारखी दिसते, तेवढ्यावर थांबायचं. खरा उपाय शेतात आहे. कापूस काही एकदाच वेचून संपत नाही. पुढच्या वेच्याला सकाळी दव वाळल्यावर लगेच जा, ऊन तिरपं असताना. आजीला उन्हाकडे पाठ न करता कुशीवर ऊन घेऊ द्या, आणि सावलीच्या बाजूला कुणाला तरी धुतलेलं पांढरं धोतर ताणून धरायला सांगा. ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

आता सेपिया. तयार फिल्टर हळद सांडल्यासारखा का दिसतो, तर तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळ्यावर सारखाच पिवळा ओततो. खरा सेपिया तसा नव्हता. डार्करूममध्ये कागदावरची चांदी आधी ब्लीच करायची, मग सल्फाइडच्या द्रावणात घालायची. चांदीचं सिल्व्हर सल्फाइड झालं की तपकिरी रंग यायचा. ब्लीच आधी पातळ चांदीवर चढतं, म्हणजे उजळ भागांवर. दाट काळ्या भागाला वेळ लागतो. म्हणून ब्लीच अर्ध्यात थांबवलेल्या प्रिंटमध्ये उजळ आणि मधल्या छटा ऊबदार होतात, पण सावल्यांचा काळा शाबूत राहतो. आपल्याला ती नक्कल करायची आहे.

कर्व्हनंतर नवा नोड घ्या. Gain चं चाक नारंगी-पिवळ्याकडे थोडंसं ढकला, Gamma त्याहून किंचित जास्त, आणि Lift ला हात लावू नका. गरज पडली तर Lift उलट दिशेनं, निळ्याकडे केसभर सरकवून काळा पुन्हा तटस्थ करा, कारण Gamma चा रंग खालीही पाझरतो. आकड्यांत सांगायचं तर उजळ पांढरा 250, 242, 226 च्या आसपास, मधला राखाडी 136, 127, 112 च्या आसपास, आणि काळा तिन्हीकडे सारखा. व्हेक्टरस्कोपवर मधल्या ठिपक्याला नारंगीकडे एक आखूड शेपूट फुटलेलं दिसेल. ते लांबलं की हळद सुरू झाली. या नोडच्या पुढे कुठेही सॅच्युरेशन शून्य करू नका, नाहीतर सेपियाच निघून जाईल.

घरात आजीच्या लग्नाचा फोटो असेल तर तो समोर ठेवा, पण नीट बघा. बरेच फोटो सेपिया केलेले नसतात, वयानं पिवळलेले असतात. पिवळलेल्या फोटोत काळाही विटून तपकिरी झालेला असतो आणि सगळं चित्र धुकट वाटतं. त्याची हुबेहूब नक्कल पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये डोळ्याला थकवते. माझ्या मते काळा काळाच ठेवावा, ऊब वरच्या छटांत द्यावी. ओरखडे, उडणारा धुरळा, थरथरणारी फ्रेम यांचे तयार इफेक्टही लावू नका. आजी समोर जिवंत बसली आहे, तिच्या चेहऱ्यावर खोटे ओरखडे कशाला?

काळाचा अंदाजही इथं कामाला येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला लाल जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल काळं यायचं, आणि निळं आभाळ कोरं पांढरं. 1920 च्या दशकात सिनेमात पँक्रोमॅटिक फिल्म रुळत गेली, तिला सगळे रंग दिसायचे. तुमच्या आजीचं तरुणपण साठच्या दशकातलं. म्हणजे तो काळ पँक्रोमॅटिकचा, आणि आपलं 0.40-0.55-0.05 हे मधलं मिश्रण त्या काळाच्या फोटोंशी जुळतं. पणजोबांच्या काळचा प्रसंग उभा करायचा असता, तर मी लाल शून्यावर आणून हिरव्या-निळ्यावर काम केलं असतं आणि आभाळ कोरं सोडलं असतं.

घरातल्या शॉटना मात्र वेगळं मिश्रण लागेल, तो वेगळा प्रसंग आहे. पिवळ्या बल्बखाली किंवा चुलीच्या उजेडात निळ्या चॅनेलमध्ये खरखरीशिवाय फार काही नसतं. तिथं निळा शून्य, आणि लाल-हिरवा निम्मे-निम्मे इथून सुरुवात करा. कुंकू तिथंही तपासा.

Resolve तुमच्या लॅपटॉपवर अडखळत असेल तर मिश्रण आधी एका छोट्या तुकड्यावर ffmpeg नं करून बघता येतं. तीनदा तेच तीन आकडे, कारण तिन्ही चॅनेलना एकच राखाडी द्यायचा आहे:

```
ffmpeg -i vechni.mp4 -vf "colorchannelmixer=.40:.55:.05:0:.40:.55:.05:0:.40:.55:.05:0,format=yuv420p" -crf 16 -c:a copy vechni_bw.mp4
```

शेवटी फाइल काढताना आभाळाकडे लक्ष द्या. 8 बिटच्या व्हिडिओत उजेडाच्या 16 ते 235 एवढ्याच पायऱ्या वापरल्या जातात. रंगीत चित्रात त्यांचे टप्पे रंगांत लपतात, कृष्णधवलमध्ये आभाळात पट्टे होऊन उमटतात. त्यावर बारीक ग्रेन चांगला चालतो. तो पट्ट्यांच्या कडा मोडतो आणि फिल्मचा पोतही देतो. Resolve चा Film Grain इफेक्ट सशुल्क आवृत्तीत आहे, म्हणून ग्रेनची मोकळी मिळणारी क्लिप वरच्या ट्रॅकवर Overlay मोडमध्ये, अपारदर्शकता खूप कमी ठेवून लावा. ग्रेन कॉम्प्रेशनला जड जातो, तेव्हा 1080p ला बिटरेट 20 Mbps च्या खाली नेऊ नका. गावातल्या लोकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ग्रेनचे चौकोन होतात आणि आभाळातले पट्टे परत येतात.

आणि टीव्हीवर दाखवणार असाल तर आधी त्याचा Vivid मोड बंद करून बघा. तो चालू असला की हलका सेपियाही संत्र्यासारखा दिसतो, आणि तुम्ही उगाच परत ग्रेडिंगला बसाल.